ओपनिंग कुठलं शिकू, हे विचारण्याआधी: आमच्या वर्गात नव्याने येणाऱ्यांसाठी

आमच्याकडे येणाऱ्या दर दहा निरोपांपैकी निम्म्यांचा सूर एकच असतो: "सर, माझं ओपनिंग कच्चं आहे, चांगलं एखादं सुचवा." निरोपासोबत हरलेल्या डावाची लिंक असते. लिंक उघडली की वर बहुतेक वेळा ३+० दिसतं, म्हणजे संपूर्ण डावाला तीन मिनिटं आणि चालीला जादा सेकंद नाही. अशा डावाची तपासणी आम्ही पहिल्या टप्प्यात करत नाही, आणि त्यावरून थोडी नाराजीही होते. फी घेता, मग डाव का बघत नाही, असं एका पालकांनी स्पष्टच विचारलं. प्रश्न रास्त आहे, म्हणून उत्तर जरा सविस्तर देतो.

एक डाव समोर ठेवतो. विद्यार्थ्याचं रेटिंग साडेसातशेच्या आसपास, डाव ३+०. त्याने व्हिडिओ बघून इटालियन ओपनिंगच्या आठ चाली पाठ केल्या होत्या. पांढऱ्याकडून सुरुवात अगदी व्यवस्थित झाली:

```
1.e4 e5 2.Nf3 Nc6 3.Bc4 Nd4
```

तिसऱ्या चालीलाच समोरच्याने घोडा c6 वरून उचलून d4 वर ठेवला. पाठ केलेल्या आठ चालींत हे कुठेच नव्हतं. e5 चं प्यादं आता उघडं पडलं होतं, आणि विद्यार्थ्याने ते दोन सेकंदांत घेतलं. पुढे असं झालं:

```
4.Nxe5 Qg5 5.Nxf7 Qxg2 6.Rf1 Qxe4+ 7.Be2 Nf3#
```

पाचवी चाल त्याला फार गोड वाटली असणार. f7 वरचा घोडा एकाच वेळी g5 चा वजीर आणि h8 चा हत्ती मारायला बघतो. पण काळ्याचा वजीर आधीच g2 वर उतरतो, तिथून e4 वर शह देतो, शह अडवायला e2 वर आलेला उंट त्याच वजिरासमोर बांधला जातो, आणि शेवटी d4 चा घोडा f3 वर येऊन मात करतो. राजाच्या भोवती सगळी आपलीच मोहरी, पळायला एकही घर नाही, आणि f3 चा घोडा मारू शकेल असा उंट जागचा हलू शकत नाही. घड्याळात अजून २ मिनिटं ४१ सेकंद शिल्लक होते. सात चाली एकोणीस सेकंदांत झाल्या होत्या. सोबतचा निरोप होता: "इटालियन चालत नाही, दुसरं काहीतरी द्या."

या सापळ्याला ब्लॅकबर्न शिलिंग गँबिट म्हणतात. जुना आणि बदनाम आहे, आणि काळ्यासाठी चांगलाही नाही. उत्तर एका चालीचं आहे: 4.Nxd4, म्हणजे चढाई करून आलेला घोडाच मारायचा. काळा 4...exd4 करतो, आपण 5.O-O करून किल्लेकोट करतो. आता पटावरची मोहरी मोजा. पांढऱ्याचा उंट बाहेर आहे आणि राजा कोपऱ्यात सुरक्षित आहे. काळ्याचं एकही मोहरं बाहेर नाही, वर d फायलीत दोन प्यादी एकामागे एक उभी आहेत. पांढऱ्याची बाजू निवांत सरस आहे, आणि त्यासाठी पाठांतराची आठवी चाल कधी लागलीच नाही.

विद्यार्थ्याला 4.Nxd4 सुचायला काय हवं होतं? समोरच्याने सुरुवातीलाच एकच मोहरं दुसऱ्यांदा हलवलं आणि प्यादं फुकट ठेवलं, तर "का ठेवलं?" एवढं विचारायचं. मग काळ्याच्या वजिराच्या वाटा डोळ्यांनी तपासायच्या: g5 वर तो आला तर e5 चा घोडा आणि g2 चं प्यादं दोन्हीवर नजर पडते. हे शोधायला अगदी नवख्या माणसालाही वीस-तीस सेकंद पुरतात. पण ते वीस सेकंद मिळायला हवेत, आणि इथेच टाइम कंट्रोलचा मुद्दा येतो.

डाव साधारण चाळीस चालींचा धरून हिशेब करून बघा. ३+० मध्ये एका चालीला साडेचार सेकंद येतात. १०+० मध्ये पंधरा. १५+१० मध्ये पंधरा मिनिटांवर चाळीस वेळा दहा-दहा सेकंद मिळतात, म्हणजे एकूण २१ मिनिटं ४० सेकंद, चालीला बत्तीसच्या वर. म्हणून आमच्या पहिल्या टप्प्याचा सराव १५+१० वरच असतो. "१५ मिनिटं कुठून काढू" अशी तक्रार येते, तेव्हा आम्ही सांगतो की दिवसाला एकच डाव खेळा. ३+० चे आठ डाव खेळायला लागणाऱ्या वेळात १५+१० चा एक डाव आरामात होतो.

डाव रॅपिड म्हणायचा की ब्लिट्झ, यात मात्र गोंधळू नका. लीचेस आणि चेस डॉट कॉम या दोन्ही साइटवर वेळेचा अंदाज मूळ वेळ अधिक चाळीस चालींचे जादा सेकंद असाच धरतात, पण सीमा वेगळ्या ठिकाणी आहेत. ५+५ चा हिशेब ५०० सेकंदांचा होतो. लीचेसवर तो रॅपिडमध्ये जातो, चेस डॉट कॉमवर ब्लिट्झमध्ये, कारण तिथे रॅपिड दहा मिनिटांपासून सुरू होतं. त्यामुळे "माझं रॅपिड रेटिंग एवढं आहे" असं लिहाल तर कुठल्या साइटवरचं आणि किती मिनिटांच्या डावांचं तेही लिहा.

आता दुसरी बाजू. १५+१० निवडूनही माणूस ब्लिट्झसारखा खेळू शकतो, आणि आमच्याकडे खूपजण तेच करतात. ओळखायचं कसं? डाव संपल्यावर विश्लेषणात प्रत्येक चालीसमोर किती वेळ लागला ते दिसतं. हरलेल्या डावात तुमच्या घड्याळात अकरा मिनिटं उरली असतील, तर ओपनिंगचा दोष नाही. ज्या चालीला मोहरं गेलं तिथे थांबून बघा. बहुतेक वेळा तिथे तीन किंवा चार सेकंदच लिहिलेले असतात.

मग ओपनिंग शिकायचं की नाही? शिकायचं, पण थोडं. पहिल्या टप्प्यात आम्ही पांढऱ्यासाठी एकच मांडणी देतो: e4, Nf3, Bc4, मग किल्लेकोट. काळ्यासाठी e4 ला e5 आणि d4 ला d5. बस. आमच्याकडे वीस ओपनिंगांची यादी मिळत नाही, दुसरीकडे मिळते, हे आम्हाला माहीत आहे. पण हजाराच्या खालचा खेळाडू चौथ्या-पाचव्या चालीपर्यंतच पुस्तकाबाहेर जातो. पुस्तकातली दहावी चाल तुम्हाला येते म्हणून तो ती खेळायला थांबत नाही. सिसिलियन ओपनिंगच्या नजडॉर्फ शाखेच्या पंधरा चाली तोंडपाठ असलेला विद्यार्थी आम्ही पाहिला आहे, त्याला समोरून सिसिलियनमध्ये दुसऱ्याच चालीला Bc4 आली की तो मेसेज करायचा.

पाठांतराऐवजी आम्ही वही ठेवायला सांगतो. प्रत्येक डावानंतर एक ओळ, जास्त नाही: कुठल्या चालीला ओळखीची वाट सुटली, समोरच्याने काय केलं, मी काय केलं, काय करायला हवं होतं. वरच्या डावाची ओळ अशी होईल: "३...Nd4. मी प्यादं घेतलं. घोडा मारायचा होता, g5 चा वजीर दिसला नाही." चार आठवड्यांत अशा वीसेक ओळी जमतात आणि तेच तुमचं ओपनिंगचं पुस्तक होतं, कारण त्यात तुमच्याच रेटिंगचे प्रतिस्पर्धी काय खेळतात ते आहे.

त्यांची पडताळणी लीचेसच्या ओपनिंग एक्सप्लोररमध्ये करता येते आणि ते फुकट आहे. त्यात मास्टर्सच्या डावांचा एक विभाग असतो, साइटवरच्या खेळाडूंचा दुसरा. नवखे लोक हमखास पहिला उघडतात आणि तिथे Nd4 क्वचितच दिसते, म्हणून ती "कोणी खेळत नाही" असं वाटतं. दुसरा विभाग उघडून रेटिंगचा गट आणि वेळेचा प्रकार आपल्याजवळचा निवडा. तुमच्या रांगेत खरं काय येतं ते तिथे कळतं.

रेटिंगबद्दल दोनच गोष्टी. लीचेसवर नवीन खातं १५०० पासून सुरू होतं, आणि सुरुवातीचे डाव हरले की आकडा भराभर खाली येतो. पहिल्या काही दिवसांत पाचशेने घसरला म्हणून घाबरू नका, साइट तुमची पातळी शोधत असते. आकड्यापुढचं प्रश्नचिन्ह जाईपर्यंत त्याचा फार विचारच करू नका. आणि तिथला आकडा चेस डॉट कॉमच्या आकड्याशी जोडून बघू नका. नवशिक्यांच्या पातळीवर लीचेसचा आकडा साधारणपणे जास्तच दिसतो.

दुसरी गोष्ट जोडी जुळवताना निवडायच्या कक्षेची. "तगड्यांशी खेळलं की सुधारणा होते" म्हणून काहीजण स्वतःपेक्षा चारशेने वरचेच प्रतिस्पर्धी मागतात. रेटिंगच्या गणिताप्रमाणे चारशेच्या फरकाने वरच्याशी दहा डाव खेळलात तर साधारण एक गुण अपेक्षित असतो. असा डाव हरल्यावर चूक ओपनिंगमध्ये झाली, पंचविसाव्या चालीला झाली की तो फक्त जास्त चांगला खेळला, हे नवख्याला सांगता येत नाही, वहीतही काही लिहिता येत नाही. कक्षा खाली शंभर आणि वर दोनशे ठेवा. प्रतिस्पर्धी पटकन मिळतो, आणि दोनशेने वरच्याशीही दहातले दोन-अडीच गुण मिळवता येतात. हरलेला डाव समजेल एवढाच वरचा असायला हवा.

आम्हाला तपासणीसाठी डाव पाठवताना १५+१० किंवा १०+५ चे पाच डाव पाठवा, जिंकलेले दोन आणि हरलेले तीन. लिंकच पाठवा, फोटो नको, कारण फोटोत चालींना लागलेला वेळ दिसत नाही. सोबत वहीतल्या त्या डावांच्या ओळी जोडा. त्या असतील तर पहिल्याच सत्रात आम्ही तुमच्या दोन-तीन नेहमीच्या चुकांवर थेट काम सुरू करतो, नसतील तर ते सत्र त्या लिहिण्यातच जातं. ३+० चे डाव दुसऱ्या टप्प्यात जरूर बघतो, तोवर ते मजेसाठी खेळा, आम्ही अडवत नाही.