उत्तरपत्रिकेची छायाप्रत आधी, पुनर्मूल्यांकन नंतर: सोलापूर विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांसाठी

निकाल लागला आणि एखादा विषय थोडक्यात राहिला की बहुतेकजण पहिल्यांदा 'रिव्हॅल टाकू का?' असं विचारतात. माझं म्हणणं, आधी छायाप्रत मागवा. पेपर डोळ्यांनी बघितल्याशिवाय पुनर्मूल्यांकनाचे पैसे भरणं म्हणजे नशिबावर सोडून देणं. शिवाय बऱ्याचदा खरी चूक पुनर्मूल्यांकन लागावं अशी नसतेच, ती गुणांच्या बेरजेची किंवा न तपासलेल्या उत्तराची असते.

पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठाचा सगळा कारभार सोलापूर जिल्ह्यापुरता आहे. तरी करमाळा किंवा सांगोल्याहून केगावला येणं म्हणजे एक दिवस मोडतोच. म्हणून नुसती चौकशी करायला एसटीत बसण्याआधी परीक्षा विभागाचं त्या निकालाबाबतचं परिपत्रक वाचा आणि कॉलेजातल्या परीक्षा कारकुनाला गाठा. प्रति विषय शुल्क किती, अर्ज कुठे भरायचा आणि शेवटची तारीख कोणती, हे त्या परिपत्रकात असतं. मागच्या वर्षी मित्राने भरलेली रक्कम किंवा ग्रुपवर फिरणारा जुना फोटो धरून चालू नका. मुदत विद्यापीठाने निकाल जाहीर केल्यापासून मोजली जाते. कॉलेजात छापील गुणपत्रक हातात येईपर्यंत थांबलेल्यांची मुदत त्यातच निघून जाते.

छायाप्रत आणि पुनर्मूल्यांकन या सोयी लेखी पेपरसाठी आहेत. प्रात्यक्षिक, तोंडी परीक्षा, प्रकल्प आणि कॉलेजचे अंतर्गत गुण त्यात येत नाहीत. अंतर्गत गुण चुकीचे चढले असतील तर कॉलेजकडून दुरुस्तीचं पत्र जावं लागतं. पेपर देऊनही निकालात गैरहजर दिसत असाल तर पुनर्मूल्यांकनाचा अर्ज भरून काहीच होणार नाही. तिथे केंद्रावरचा हजेरीपट, ज्यावर तुमची सही आणि उत्तरपत्रिकेचा क्रमांक असतो, तो पुरावा. त्याची प्रत जोडून प्राचार्यांमार्फत अर्ज करायचा.

अर्जाला लागतं ते फार नाही. पीआरएन, बैठक क्रमांक, निकालाची प्रिंट, हॉल तिकीट आणि चालू मोबाइल व ईमेल एवढं हाताशी ठेवा. खरी काळजी विषयाच्या सांकेतांकाची. जुन्या आणि नव्या अभ्यासक्रमात पेपरचं नाव तेच राहतं आणि कोड बदलतो, बॅकलॉगवाल्यांचा घोळ हमखास इथेच होतो. नाव बघून नको, निकालावरचा कोड बघून विषय निवडा. ऑनलाइन पैसे भरताना खात्यातून रक्कम गेली पण पावती निघाली नाही, तर अर्ज झाला असं समजू नका. व्यवहार क्रमांक लिहून ठेवा आणि मुदत संपायच्या आत विचारा.

छायाप्रत हाती आली की पहिलं काम पानं मोजण्याचं. पुरवण्या जोडल्या होत्या त्या सगळ्या आल्यात का, अक्षर तुमचंच आहे का, हे बघा. मग प्रश्नपत्रिका शेजारी ठेवून एकेक उपप्रश्न तपासा. मनाशी 'मला इथे जास्त मिळायला हवे होते' म्हणत वाचण्यात अर्थ नाही. तीनच गोष्टी शोधा. प्रत्येक उत्तरावर तपासल्याची खूण आणि गुण आहेत का, आतले गुण मुखपृष्ठावरच्या तक्त्यात तसेच उतरलेत का, आणि तक्त्याची बेरीज बरोबर आहे का.

उदाहरण घेऊ. समजा पेपर ८० गुणांचा आहे, पास व्हायला ३२ लागतात आणि निकालात २९ आलेत. मुखपृष्ठावर पहिल्या प्रश्नाला १०, दुसऱ्याला ६, तिसऱ्याला ५ आणि चौथ्याला ८ असे गुण आहेत. बेरीज २९, म्हणजे तिथे चूक नाही. पण आत दुसऱ्या प्रश्नाच्या तीन उपप्रश्नांना ३, ३ आणि २ दिलेत. हे होतात ८, बाहेर मात्र ६ चढलेत. दोन गुण इथेच सापडले, आकडा ३१ वर गेला. पुढे तिसऱ्या प्रश्नातलं 'क' उपप्रश्नाचं उत्तर पुरवणीत, मधे एक कोरं पान सोडून लिहिलंय, आणि त्यावर ना खूण ना गुण. परीक्षकाने ते पान उलटलंच नसावं. तिथे एक गुण मिळाला तरी विषय सुटतो.

या विद्यार्थ्याला पुनर्मूल्यांकनाची गरज नाही. त्याने गुणपडताळणी मागायची आणि मोघम न लिहिता नेमकं लिहायचं: 'प्रश्न २ चे आतील गुण ३, ३, २ असे एकूण ८ असून मुखपृष्ठावर ६ नोंदवले आहेत. प्रश्न ३ (क) चे उत्तर पुरवणीच्या पृष्ठ ३ वर असून ते तपासलेले दिसत नाही. कृपया दुरुस्ती व्हावी.' सोबत त्या पानांच्या प्रती जोडायच्या. 'मी खूप अभ्यास केला होता' हे वाक्य अर्जात कुणालाच उपयोगी पडत नाही.

पुनर्मूल्यांकन हे दुसरं प्रकरण आहे. त्यात दुसरा परीक्षक उत्तरं नव्याने तपासतो, आणि त्याला पहिल्यापेक्षा कमी द्यावेसे वाटले तर गुण कमीही होऊ शकतात. अनेक विद्यापीठांच्या नियमांत ठरावीक फरक पडला तरच बदल धरला जातो, म्हणून अर्जाखालच्या अटी वाचून मगच पैसे भरा. सगळी उत्तरं तपासलेली आहेत, बेरीज बरोबर आहे, आणि तरी एखाद्या मोठ्या उत्तराला फारच कमी दिलेत असं वाटत असेल, तर तो पेपर विषयाच्या सरांना किंवा मॅडमना दाखवा. त्यांनी होकार दिला तर अर्ज भरा.

माहिती अधिकाराचा रस्ताही आहे. ९ ऑगस्ट २०११ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने तपासलेली उत्तरपत्रिका ही माहिती आहे आणि ती परीक्षार्थीला मिळू शकते असं म्हटलं. अर्जाला १० रुपये आणि प्रतीला पानामागे २ रुपये, म्हणून तो स्वस्त पडतो. मात्र उत्तराला ३० दिवस लागू शकतात आणि तोवर पुनर्मूल्यांकनाची मुदत संपलेली असते. परीक्षकाचं नाव त्यातही मिळत नाही, आणि त्याच निकालानुसार या अधिकारातून फेरतपासणी मागता येत नाही. जपून ठेवायचा काळ संपला की उत्तरपत्रिका नष्ट केली जाते, त्यामुळे वर्षानंतर आठवण होऊन उपयोग नाही.

अर्ज टाकल्यावर सर्वांत महागात पडते ती वाट बघणं. पुनर्मूल्यांकनाचा निकाल पुढच्या सत्राच्या परीक्षा अर्जाच्या शेवटच्या तारखेनंतरही येऊ शकतो. म्हणून राहिलेल्या विषयाचा परीक्षा अर्ज वेळेत भरून टाका आणि अभ्यासही चालू ठेवा. गुण बदलले तर जुनं गुणपत्रक परत देऊन दुरुस्त प्रत घ्यावी लागते. परत देण्याआधी त्याची प्रत आणि अर्जाची पावती फाइलला लावून ठेवा, कारण शिष्यवृत्तीच्या किंवा प्रवेशाच्या अर्जात जुने गुण भरलेले असतील तर ते का बदलले हे त्याच कागदांवरून दाखवावं लागतं.