चारास एक: कीटोजेनिक आहारातलं प्रमाण आलं कुठून

अपस्माराची योग्य निवडलेली दोन औषधं पुरेशा मात्रेत देऊन पाहिली आणि तरीही मुलाचे झटके थांबले नाहीत, तर त्या अपस्माराला ‘औषधांना दाद न देणारा’ म्हणतात. आंतरराष्ट्रीय अपस्मार संघटनेने ही व्याख्या २०१० साली मांडली. अशा मुलासाठी कीटोजेनिक आहाराचा विचार सुरू झाला की घरच्यांच्या हातात आहारतज्ज्ञांची चिठ्ठी येते: ‘४:१, १००० किलोकॅलरी’. काही जण हे वाट्यांचं प्रमाण समजतात, काही जण कॅलरींचं. प्रत्यक्षात ते ग्रॅमचं असतं. चार ग्रॅम स्निग्ध पदार्थ असतील, तर प्रथिनं आणि कर्बोदकं दोन्ही मिळून एक ग्रॅम. हे प्रमाण कुठून आलं ते कळलं, की ते पाळताना कुठे घसरतं तेही कळतं.

सुरुवात उपासापासून झाली. उपाशी ठेवल्यावर झटके कमी होतात अशी नोंद १९११ साली पॅरिसमध्ये गेल्पा आणि मारी या डॉक्टरांनी केली. पुढे अमेरिकेतही उपासाचे उपचार झाले. पण लहान मुलाला किती दिवस उपाशी ठेवणार? १९२१ मध्ये मेयो क्लिनिकच्या रसेल वाइल्डर यांनी सुचवलं की उपासात शरीर स्निग्ध जाळतं तेव्हा रक्तात जी कीटोनं वाढतात, ती भरपूर स्निग्ध आणि अगदी कमी कर्बोदकं असलेल्या जेवणानेही वाढवता येतील. ‘कीटोजेनिक आहार’ हे नाव त्यांचंच. तिथल्याच मायनी पीटरमन यांनी चार वर्षांतच त्याला मोजमाप दिलं: शरीराच्या दर किलो वजनामागे एक ग्रॅम प्रथिनं, दिवसाला १० ते १५ ग्रॅम कर्बोदकं आणि बाकी सगळं स्निग्ध. आजचा हिशोब अजून याच चौकटीत चालतो.

त्यामागचं रसायन मधुमेहाच्या अभ्यासातून आलं होतं. रोलिन वुडयाट यांच्या सूत्रात प्रत्येक घटकाचे दोन वाटे पडतात. शंभर ग्रॅम स्निग्धातले ९० ग्रॅम कीटोनांकडे जातात, १० ग्रॅम ग्लुकोजकडे. प्रथिनांचे ४६ कीटोनांकडे, ५८ ग्लुकोजकडे. कर्बोदकं सगळीच्या सगळी ग्लुकोजकडे. म्हणजे मासे किंवा अंडी जास्त झाली तरी कीटोनं उतरतात, कारण प्रथिनांचा निम्म्याहून मोठा वाटा साखरेच्या बाजूला जातो. स्वयंपाकघरात हे सूत्र वापरणं अवघड म्हणून स्निग्ध एका पारड्यात आणि बाकी दोन्ही दुसऱ्या पारड्यात असा सोपा हिशोब रूढ झाला.

तो प्रत्यक्ष करून पाहू. मूल चार वर्षांचं, वजन १५ किलो, आहारतज्ज्ञांनी ठरवलेली ऊर्जा १००० किलोकॅलरी. चार ग्रॅम स्निग्धातून ३६ किलोकॅलरी मिळतात आणि एक ग्रॅम प्रथिनं-कर्बोदकांतून ४, म्हणजे ४:१ चं एक माप ४० किलोकॅलरीचं. १००० भागिले ४० म्हणजे २५ मापं. त्यामुळे दिवसाचं स्निग्ध १०० ग्रॅम, आणि प्रथिनं-कर्बोदकं मिळून २५ ग्रॅम. वजनामागे एक ग्रॅम या हिशोबाने १५ ग्रॅम प्रथिनं आधी बाजूला ठेवायची, कारण ती वाढीसाठी लागतात. कर्बोदकांना उरतात फक्त १०. प्रमाण ३:१ ठेवलं तर एक माप ३१ किलोकॅलरीचं होतं, तीच ऊर्जा साधारण ३२ मापांत बसते आणि कर्बोदकं १७ ग्रॅमपर्यंत जाऊ शकतात. फार लहान मुलांना आणि जास्त प्रथिनांची गरज असलेल्यांना ३:१ देतात ते या सात ग्रॅमच्या मोकळिकीसाठी.

दहा ग्रॅम म्हणजे किती, ते गोव्यातल्या ताटावरून लगेच कळतं. ३० ग्रॅम उकड्या तांदळाची पेज केली तर त्यात सुमारे २३ ग्रॅम कर्बोदकं आली, म्हणजे दोन दिवसांची एका वाडग्यात. पोई आणि उंडो हे पाव तर बाजूलाच ठेवावे लागतात. पण नारळ, मासळी आणि खोबरेल इथल्या रोजच्या जेवणातच असल्याने हा आहार गोव्यात परका वाटत नाही. एका वेळच्या जेवणाला दिवसाचा तिसरा हिस्सा, म्हणजे ३३ ग्रॅम स्निग्ध, ५ प्रथिनं आणि ३ हून थोडी जास्त कर्बोदकं हवी असतील तर ते असं बसतं: इसवणाचा काटे काढलेला २० ग्रॅम कच्चा तुकडा, १५ ग्रॅम ओलं खोबरं, ८० ग्रॅम दुधी आणि २७ ग्रॅम खोबरेल. ते तेल म्हणजे जवळजवळ दोन मोठे चमचे. ते शिजवताना भांड्याला लागून राहिलं तर जेवणाचं प्रमाणच बदललं. म्हणून बरंचसं तेल वाढताना वरून घालायचं, मुलाने वाटी रबरी पळीने पुसून संपवायची आणि वजनकाटा एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा घ्यायचा.

इथे नारळाच्या दोन गोष्टी घोटाळा करतात. घरी काढलेल्या रसात स्निग्ध किती, हे पाणी किती घातलं आणि रस पहिला की दुसरा यावर ठरतं. त्यामुळे ‘अर्धी वाटी रस’ हे माप चालत नाही. खोबरं वजन करून घ्यावं आणि तेल वेगळं मोजावं. दुसरी गोष्ट खोबरेलाची. १९७१ मध्ये पीटर हुटेनलोखर यांनी मध्यम साखळीच्या स्निग्धांचा आहार मांडला. ही स्निग्धं लवकर कीटोनं बनवतात, म्हणून त्यात थोडी जास्त कर्बोदकं चालतात. पण त्यासाठीचं तेल खास वेगळं केलेलं असतं. साध्या खोबरेलात ती आठ आणि दहा कार्बनची आम्लं साधारण सातव्या हिश्शाइतकीच असतात. एकाच्या जागी दुसरं वापरलं तर हिशोब चुकतो.

आहार सुरू करण्यापूर्वीची तपासणी मात्र कुठल्याही परिस्थितीत वगळू नये. स्निग्धांचं ज्वलन ज्यांना जमत नाही, अशा जन्मजात चयापचय दोषांच्या मुलांना (कार्निटिनचा मूळचा अभाव, मेदाम्लांच्या ऑक्सिडेशनचे दोष, पायरुव्हेट कार्बोक्झिलेजचा अभाव) आणि पोर्फिरिया असलेल्यांना हा आहार जिवावर बेतू शकतो. त्यासाठी रक्तातील अ‍ॅसिलकार्निटिन आणि लघवीतील सेंद्रिय आम्लं तपासतात. गोव्यात नवजात बालकांच्या रक्ततपासणीचा सरकारी कार्यक्रम २००८ साली सुरू झाला होता. त्या वेळचा ‘सर्व ठीक’ असा कागद घरात असला तरी आताची तपासणी करावीच, कारण चाळणी चाचणी म्हणजे निदान नव्हे. याच्या उलट, मेंदूत ग्लुकोज नेणाऱ्या वाहकाचाच दोष असेल तर हाच आहार पहिला उपचार ठरतो. तो दोष द व्हिवो आणि सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये दाखवला. सुरू करण्याआधीच्या चार आठवड्यांची झटक्यांची वही हवी, नाहीतर फरक पडला की नाही हे पुढे ठरवणार कशावरून?

फेनिटॉइन हे अपस्माराचं औषध १९३८ मध्ये आलं आणि वजनकाट्यापेक्षा गोळी सोपी म्हणून आहार मागे पडला. १९९३ मध्ये चार्ली अब्राहम्स या लहान मुलाचे झटके जॉन्स हॉपकिन्समध्ये या आहाराने थांबले, त्याच्या कुटुंबाने संस्था काढली आणि आहाराकडे पुन्हा लक्ष गेलं. ठोस पुरावा २००८ मध्ये लंडनमधून आला. चिठ्ठी टाकून केलेल्या चाचणीत १४५ मुलं होती. तीन महिन्यांनंतर झटके निम्म्याहून कमी झालेली मुलं आहारगटात ३८ टक्के होती आणि नेहमीचेच उपचार चालू ठेवलेल्या गटात ६ टक्के. हा उपाय दहातल्या चारांना मोठा दिलासा देतो, सगळ्यांना नाही. ही गोष्ट पालकांना सुरुवातीलाच स्पष्ट सांगायला हवी.

कीटोनं मोजायच्या दोन पद्धती आहेत आणि त्या वेगवेगळी कीटोनं मोजतात. लघवीच्या पट्टीवरचं नायट्रोप्रुसाइड अ‍ॅसिटोअ‍ॅसिटेटशी जांभळं होतं. रक्तात सर्वांत जास्त असलेलं बीटा-हायड्रॉक्सिब्युटिरेट तिला दिसतच नाही. शिवाय मुलाने भरपूर पाणी प्यायलं तर रंग फिका येतो आणि पाणी कमी पडलं तर गडद. पट्टीवर साधारण ८० ते १६० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरचा रंग अपेक्षित असतो. बोटातल्या थेंबाचं यंत्र बीटा-हायड्रॉक्सिब्युटिरेट मोजतं, आणि ते ४ मिलिमोल प्रति लिटरच्या पुढे असताना झटके जास्त आटोक्यात राहतात असं आढळलं आहे. सकाळी आकडा कमी आणि संध्याकाळी जास्त असतो, म्हणून रोज एकाच वेळी मोजावं. पावसाळ्यात गोव्याच्या दमट हवेत पट्ट्यांची बाटली उघडी राहिली तर पट्ट्या खराब होतात. अचानक सगळ्याच फिक्या येऊ लागल्या तर आधी नव्या बाटलीतली पट्टी वापरून पाहावी.

पट्टी खरी आणि आकडा तरीही खाली, तर शोध औषधांपासून सुरू करावा. समजा मुलाच्या सिरपमध्ये दर मिलिलिटरला अर्धा ग्रॅम साखर आहे आणि दिवसाला १२ मिलिलिटर जातं. म्हणजे ६ ग्रॅम कर्बोदकं, जी ताटाच्या हिशोबात कुठेच नाहीत. १०० ला २५ ऐवजी ३१ ने भागा, ४:१ चं ३.२:१ झालं. ताट अचूक, तरीही कीटोनं उतरलेली. म्हणून सुरुवातीलाच डॉक्टरांना विचारून सिरपच्या जागी साखर नसलेलं रूप घ्यावं. तापात प्रेमाने दिलेलं पेलाभर नारळपाणीही ६ ते ८ ग्रॅम साखर आणतं. चवथीच्या दिवसांत तर प्रत्येक पाहुण्याला आधी सांगून ठेवावं लागतं. एका गोड नेवरीने कीटोनं काही तासांत उतरतात, आणि ती परत चढेपर्यंत झटके येऊ शकतात.

उलट बाजूही आहे. श्वास जलद, गाल लाल, मूल सुस्त, उलट्या, असं दिसलं तर कीटोनं जास्त झाली असण्याची शक्यता असते. रक्तातली साखर आणि कीटोनं मोजून, आधी डॉक्टरांनी ठरवून दिल्याप्रमाणे, साधारण ३० मिलिलिटर फळांचा रस देतात आणि पंधरा-वीस मिनिटांनी पुन्हा पाहतात. फरक नसेल तर रुग्णालय गाठावं.

दुष्परिणामांची नोंद उशिरा पण नीट झाली. पहिल्या आठवड्यांत बद्धकोष्ठता, उलट्या आणि साखर उतरणं नेहमीचं असतं. पूर्वी उपासानेच सुरुवात करत. आता बहुतेक ठिकाणी १:१ किंवा २:१ पासून काही दिवसांत वर चढतात, त्यामुळे हा त्रास कमी होतो. मूतखडे सुमारे सात टक्के मुलांत दिसले. सुरुवातीपासून पोटॅशियम सायट्रेट दिल्यावर हे प्रमाण एका टक्क्याच्या आसपास आलं, असं जॉन्स हॉपकिन्सच्या २००९ च्या पाहणीत दिसलं. टोपिरामेट किंवा झोनिसामाइड यांपैकी अपस्माराचं औषध चालू असेल तर खड्यांकडे आणि आम्लतेकडे जास्त लक्ष लागतं. २००० साली वीस मुलांच्या तपासणीत तिघांच्या हृदयालेखात क्यूटी अंतर वाढलेलं आढळलं. सेलेनियमच्या कमतरतेने हृदयाचा स्नायू दुबळा होऊ शकतो, म्हणून या आहारात सेलेनियमसह जीवनसत्त्वं आणि खनिजं, तसंच कॅल्शियम पूरक म्हणून द्यावीच लागतात, तीही साखरेशिवाय. सहा वर्षांहून जास्त काळ आहारावर असलेल्या २८ मुलांच्या २००६ च्या अहवालात सात जणांना मूतखडे आणि सहा जणांना हाडांचे फ्रॅक्चर झाल्याची नोंद आहे, आणि बहुतेकांची उंची कमी राहिली. म्हणून साधारण दर तीन महिन्यांनी उंची, वजन, रक्तातील स्निग्धं, यकृत, मूत्रपिंड आणि लघवीतलं कॅल्शियम पाहतात.

घरात वजनकाटा पाळणं शक्यच नसेल तर २००३ पासूनचा सुधारित अ‍ॅटकिन्स आहार हा पर्याय आहे; त्यात मुख्यतः कर्बोदकंच मोजतात. दिल्लीच्या एम्समधील २०१३ च्या चाचणीत तीन महिन्यांनंतर ५२ टक्के मुलांचे झटके निम्म्याहून कमी झाले होते, तुलनेच्या गटात ११.५ टक्के.

कुठलाही प्रकार असो, किमान तीन महिने नीट पाळून, मग वही उघडून निर्णय घेतात. फायदा असेल तर साधारण दोन वर्षं चालू ठेवून प्रमाण हळूहळू उतरवतात. अचानक थांबवलं तर झटके उसळू शकतात. मधल्या काळात मूल ताप किंवा जुलाबाने दवाखान्यात दाखल झालं, तर नेहमीच्या सवयीने लावलेल्या डेक्स्ट्रोजच्या सलाइनमुळे तेच होतं. म्हणून मुलाच्या फाइलवर पहिल्याच पानावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावं: कीटोजेनिक आहार चालू आहे, रक्तातली साखर उतरलेली नसल्यास डेक्स्ट्रोजविरहित सलाइन द्यावं, सिरप देऊ नये.