एचटी ट्रान्सफॉर्मरच्या मंजुरीचा अर्ज: पाटीवरचं काय वाचायचं आणि कुठे भरायचं

कारखान्यात स्वतःचा ट्रान्सफॉर्मर बसवायचा असेल, किंवा जुना काढून मोठा ठेवायचा असेल, तर तो चार्ज करण्याआधी, म्हणजे त्यात वीज सोडण्याआधी, विद्युत निरीक्षक कार्यालयाची मंजुरी लागते. अर्जदार म्हणजे जागेचा मालक किंवा वापरकर्ता. काम मात्र परवानाधारक विद्युत ठेकेदारानेच करायचं आणि टेस्ट रिपोर्टवर सहीही त्याचीच. क्रम साधारण असा: आधी सिंगल लाइन डायग्राम आणि मांडणीचे नकाशे सादर करायचे, मग काम, मग टेस्ट रिपोर्ट, मग निरीक्षण आणि चार्जिंगची परवानगी. सोबत ट्रान्सफॉर्मर उत्पादकाचं टेस्ट सर्टिफिकेट, तेल किती व्होल्टेज सहन करतं त्या बीडीव्ही चाचणीचा अहवाल, अर्थिंगची आणि इन्सुलेशन मोजणाऱ्या मेगरची रीडिंग, आणि ठेकेदाराच्या परवान्याची प्रत ठेवायची.

कागद बहुतेकांचे पूर्ण असतात. अडतं ते कागद आणि ट्रान्सफॉर्मरच्या अंगावरची पाटी जुळत नाही म्हणून. माझंच एक काम सांगतो. एका प्लास्टिक मोल्डिंगच्या युनिटमध्ये ३१५ केव्हीएचा ट्रान्सफॉर्मर काढून ६३० चा ठेवायचा होता. अर्जातला तक्ता मी कोटेशनवरून भरला. प्रत्यक्ष माल आला तेव्हा पाटी वाचायला हवी होती, ती मी वाचली नाही. निरीक्षणाच्या दिवशी साहेबांनी फडक्याने पाटी पुसली, अर्ज शेजारी धरला आणि विचारलं, "इम्पीडन्स ४.५ लिहिलाय, इथे तर ४.३८ आहे. मग तुमचा फॉल्ट करंट कोणत्या आकड्यावर काढलाय?" पुढची तारीख मिळेपर्यंत युनिट जुन्याच लोडवर चाललं.

म्हणून माल गाडीतून उतरला की पहिलं काम पाटीचा स्पष्ट फोटो. बाजूने रंग मारणारा माणूस पाटीवरूनही ब्रश फिरवतो, त्यामुळे हा फोटो रंगकामाच्या आधीच काढलेला बरा. पाटीवर सगळ्यात आधी आयएसआयचा शिक्का आणि आयएस ११८० हा मानक क्रमांक शोधा. ३३ केव्हीपर्यंतच्या आणि २५०० केव्हीएपर्यंतच्या बाहेर बसवायच्या तेलाच्या वितरण ट्रान्सफॉर्मरना २०१५ च्या गुणवत्ता नियंत्रण आदेशापासून हा शिक्का सक्तीचा आहे. लिलावातून स्वस्तात उचललेला जुना ट्रान्सफॉर्मर नेमका इथेच अडकतो. अनुक्रमांक आणि उत्पादनाचं वर्ष टेस्ट सर्टिफिकेटशी अक्षर न् अक्षर ताडून पाहा.

केव्हीए आणि करंट

अर्जात क्षमता केव्हीएमध्ये भरायची असते आणि मालक सांगतात हॉर्सपॉवरमध्ये. मोटरींची बेरीज करून ती तशीच लिहायची नाही. ६३० केव्हीए म्हणजे पॉवर फॅक्टर ०.९ धरला तर ५६७ किलोवॉट, ०.८ वर घसरला तर ५०४. वायर तापते ती करंटमुळे आणि करंट ठरतो केव्हीएवर, म्हणून पाटीवर किलोवॉट कधीच नसतं.

केव्हीएच्या शेजारी दोन व्होल्टेज असतात, लाइनकडच्या बाजूचं म्हणजे एचव्ही ११००० आणि कारखान्याकडच्या बाजूचं म्हणजे एलव्ही ४३३. नवख्याला ४३३ पाहून चूक वाटते, कारण वापरात ४१५ किंवा ४०० ऐकलेलं असतं. पाटीवरचं व्होल्टेज विनाभाराचं असतं. लोड आला की ट्रान्सफॉर्मरमध्ये आणि केबलमध्ये काही व्होल्ट पडतात, त्याची सोय आधीच केलेली आहे. अर्जात ४३३ च लिहा.

करंट पडताळून पाहायला एकच सूत्र पुरतं:

```
I = kVA / (1.732 × kV)
```

एलव्हीला ६३० भागिले १.७३२ गुणिले ०.४३३, म्हणजे ८४० अँपिअर. एचव्हीला साधारण ३३. पाटीवर हेच आकडे दिसले पाहिजेत.

टक्केवारीतला इम्पीडन्स

इथे जरा थांबू, कारण अर्जातला हा एकच आकडा पुढच्या सगळ्या स्विचगिअरची लायकी ठरवतो.

कारखान्यात चाचणी करताना एलव्हीची तिन्ही टर्मिनलं एकमेकांना जोडून शॉर्ट करतात आणि एचव्हीला व्होल्टेज हळूहळू वाढवत नेतात. एलव्हीत पूर्ण ८४० अँपिअर वाहू लागले की थांबतात आणि एचव्हीला किती व्होल्ट लागले ते पाहतात. आमच्या ट्रान्सफॉर्मरला सुमारे ४८२ व्होल्ट लागले होते. ११००० च्या तुलनेत ते ४.३८ टक्के. पाटीवर हा आकडा ७५ अंश तापमानासाठी दिलेला असतो.

आता उलटा विचार करा. ४.३८ टक्के व्होल्टेजला पूर्ण करंट वाहतो, तर एलव्हीच्या टर्मिनलांवर शॉर्ट झालं आणि मागून पूर्ण ११००० व्होल्ट आहेत, तेव्हा किती वाहील? ८४० भागिले ०.०४३८, म्हणजे सुमारे १९.२ किलोअँपिअर. कोटेशनमधल्या ४.५ ने तो १८.७ येतो. फरक किरकोळ दिसतो, पण खरी गोम वेगळी होती. जुन्या ३१५ केव्हीएला ४.५ टक्क्याने फॉल्ट करंट ९.३ किलोअँपिअर येत होता आणि एलव्ही पॅनेलमधले ब्रेकर १६ किलोअँपिअरपर्यंतचा फॉल्ट तोडू शकणारे होते. तेव्हा ते भरपूर होते. ट्रान्सफॉर्मर दुप्पट केल्यावर तेच ब्रेकर कमी पडले, कोणताही आकडा घेतला तरी. मालकाला वाटत होतं की पॅनेल तेच ठेवून फक्त ट्रान्सफॉर्मर बदलला की झालं. शेवटी मेन ब्रेकर आणि बसबारजवळचे फीडर बदलावे लागले.

मानकात या आकड्याला अधिक-उणे १० टक्के सूट आहे. ४.५ घोषित असेल तर ४.०५ पासून ४.९५ पर्यंत काहीही चालतं. म्हणून कॅटलॉगचा आकडा नकाशासाठी ठीक, पण अंतिम अर्जात पाटीचा.

दोन ट्रान्सफॉर्मर समांतर चालवणार असाल तर हाच आकडा दुसऱ्यांदा कामाला येतो. समजा दोन्ही ६३० चे, पण एक ४.५ चा आणि दुसरा ५ चा. लोड सारखा वाटला जात नाही. कमी इम्पीडन्सवाला जास्त ओढतो, इथे साधारण ५२.६ टक्के. एकूण लोड ११९७ केव्हीएवर पोचला की तो भरलेला असतो, म्हणजे कागदावरचे १२६० कधीच पूर्ण मिळत नाहीत.

व्हेक्टर ग्रुप

पाटीवर मोठं डी, मग छोटं वाय, छोटं एन आणि ११ असं एकत्र लिहिलेलं असतं. आपण त्याला डीवायएन-इलेव्हन म्हणतो. मोठं अक्षर एचव्हीचं: डेल्टा. छोटं अक्षर एलव्हीचं: स्टार. एन म्हणजे न्यूट्रल बाहेर काढलेला आहे. ११ हा घड्याळातला आकडा. एचव्हीचा काटा बारावर धरला तर एलव्हीचा अकरावर असतो, म्हणजे तीस अंश पुढे.

अर्जात अक्षरांचं लहान-मोठेपण जपा. एन राहिला तर कागदोपत्री न्यूट्रलच नाही असा अर्थ होतो आणि मग न्यूट्रल अर्थिंगची रीडिंग कशाची, हा प्रश्न येतो. ११ च्या जागी १ असलेला ट्रान्सफॉर्मर एकट्याने चालवला तर मोटरींना काही फरक पडत नाही. पण ११ वाल्याशी समांतर जोडायला गेलात तर दोघांमध्ये ६० अंशांचं अंतर पडतं. न्यूट्रल जोडून एकाच नावाच्या दोन फेजमध्ये मीटर लावला तर शून्याऐवजी २५० व्होल्ट दिसतात. दोघांना एकत्र आणणारा कपलर जोडण्याआधी हे माप घेणं एवढ्यासाठीच असतं.

कूलिंग

ओ-एन-ए-एन ही चार अक्षरं: आत तेल, ते आपोआप फिरतं, बाहेर हवा, तीही आपोआप फिरते. पंखे असतील तर शेवटचं अक्षर एफ होतं. मोठ्या ट्रान्सफॉर्मरवर दोन्ही लिहून दोन क्षमता दिलेल्या असतात, तेव्हा अर्जात दोन्ही भरा. नुसतं ए-एन असेल तर तो ड्राय टाइप. इमारतीच्या आत बसवायचा असेल तर निरीक्षक आधी तेच पाहतात. तेलवाल्या पाटीवर तेल किती लिटर तेही असतं. २००० लिटरच्या वर गेलं की सांडलेलं तेल मुरवणारा खड्डा, म्हणजे सोक पिट, दाखवावा लागतो; ६३० केव्हीएला तेवढं तेल नसतं. तापमानवाढीचा आकडा मात्र नीट समजून घ्या. ४५ लिहिलं असेल तर ती भोवतालच्या हवेवरची वाढ आहे. विदर्भातल्या मे महिन्यात प्रत्यक्ष तापमान त्यापेक्षा कितीतरी वर असतं.

टॅपचा तक्ता

पाटीवरचा सगळ्यात दाट भाग, पण वाचायला सोपा. टॅप म्हणजे एचव्हीचे वेढे कमी-जास्त करायची जागा. आमच्याकडे सात टॅप होते, अडीच टक्क्यांच्या पायऱ्यांनी. पहिल्यावर ११५५०, तिसऱ्यावर ११०००, पाचव्यावर १०४५०, सातव्यावर ९९००. हे सगळे एचव्हीचे आकडे. त्या टॅपवर एचव्हीला तेवढे व्होल्ट आले तर एलव्हीला ४३३ मिळतात, असा त्याचा अर्थ.

त्या भागात लाइनवर १०६०० व्होल्ट मिळत होते. तिसऱ्या टॅपवर एलव्हीला ४१७ येणार, लोडवर आणखी कमी. मालक म्हणाले, "व्होल्टेज वाढवायचंय तर वरचा आकडा घ्या ना, ११५५० चा." नेमकं उलटं आहे. त्या टॅपवर एचव्हीचे वेढे जास्त, म्हणून एलव्हीला आणखी कमी मिळतं. चौथ्या टॅपवर, १०७२५ वर, ४२८ मिळाले. पाचव्यावर ४३९ आले असते, आणि रविवारी आजूबाजूचे कारखाने बंद असताना लाइन चढते तेव्हा ते जास्त झालं असतं. म्हणून चौथा.

हँडलजवळ 'ऑफ सर्किट' असं लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ फक्त लोड काढा असा नाही. एचव्ही बंद, एलव्ही मेनही बंद, आणि जनरेटरकडून उलटा पुरवठा येत नाही याची खात्री, तेव्हाच हँडल फिरवायचं. चालू ट्रान्सफॉर्मरचा हा टॅप फिरवला तर आत तेलात आर्क होतो. फिरवल्यावर हँडल खाचेत बसवून कुलूप लावा आणि तिन्ही फेजचा वाइंडिंग रेझिस्टन्स पुन्हा घ्या. एका फेजचा आकडा वेगळा आला तर संपर्क नीट बसलेला नाही.

टेस्ट रिपोर्टमध्ये 'टॅपची स्थिती' असा रकाना असतो. तिथे बरेच जण सवयीने ३ लिहून टाकतात. आम्ही ४ लिहिलं, शेजारी १०७२५ लिहिलं आणि हँडलचा फोटो जोडला.