चिमणीच्या वाट्याला किती ठिपके?

फोनच्या जाहिरातीत ‘शंभरपट झूम’ असं ठळक अक्षरांत छापलेलं असतं. सोबत दूरच्या फांदीवर बसलेल्या पक्ष्याचं असं चित्र असतं की पिसांच्या कडाही मोजता याव्यात. फोन घेणारा पहिल्याच रविवारी झाडाखाली उभा राहतो, झूम ओढत नेतो आणि पडद्यावर रंगांचा चिखल उमटतो. फोन वाईट नसतो. ‘झूम’ या एकाच नावाखाली दोन अगदी वेगळ्या गोष्टी विकल्या जातात, एवढंच. एका झूममध्ये भिंग खरोखर प्रतिमा मोठी करतं. दुसऱ्यात आहे त्याच प्रतिमेचा मधला तुकडा कापून ताणला जातो. ताणल्याने माहिती वाढत नाही. अलीकडचे काही फोन तर तुकडा ताणल्यावर ‘इथे पिसं असावीत’ असा अंदाज बांधून ती रंगवूनही टाकतात. ते दिसायला छान दिसतं, पण ती त्या पक्ष्याची पिसं नव्हेत.

त्यामुळे झूमचा आकडा सोडून एकच प्रश्न विचारावा: चित्रातले किती ठिपके, म्हणजे पिक्सेल, प्रत्यक्ष पक्ष्यावर पडतात?

हिशेब शाळेतल्या समरूप त्रिकोणांचा आहे. फोनचा मुख्य कॅमेरा साधारण सत्तर अंशांचा आडवा पट्टा टिपतो. दहा मीटर अंतरावर तो पट्टा जवळजवळ चौदा मीटर रुंद होतो. फोर-के व्हिडिओची रुंदी ३८४० ठिपक्यांची असते, म्हणजे दर मीटरला सुमारे २७५ ठिपके मिळतात. चिमणी चोचीपासून शेपटीपर्यंत १५ सेंटीमीटरच्या आसपास असते, तेव्हा तिच्या वाट्याला चाळीसेक ठिपके येतात. चाळीस ठिपक्यांत ‘पक्षी आहे’ एवढं कळतं. नर की मादी हे उजेड चांगला असेल तर कळतं, आणि डोळा म्हणजे एखादा काळा डाग. कॅमेरा पन्नास मेगापिक्सेलचा असला तरी फारसा फरक पडत नाही, कारण फोर-के व्हिडिओची प्रत्येक चौकट सव्वाआठ मेगापिक्सेलचीच असते.

आता याच कॅमेऱ्यापुढे आठपट मोठं दाखवणारी एकनळी दुर्बीण, म्हणजे मोनोक्युलर, लावा. पट्टा पावणेदोन मीटरचा होतो आणि चिमणीच्या वाट्याला सव्वातीनशेहून जास्त ठिपके येतात. आता डोळ्यातली चमक दिसते आणि चोचीत धरलेली अळी कळते. दुप्पट करणारी छोटी क्लिप-भिंगंही मिळतात. ती वाईट नसतात, पण चाळीसाचे ऐंशी करून थांबतात. छोट्या पक्ष्यांसाठी मला दुर्बीणच योग्य वाटते.

पण कोणती दुर्बीण? लेखाचा मोठा भाग मी इथेच खर्च करणार आहे, कारण फोनवाल्यांना सर्वांत कमी ठाऊक असलेली आणि मला सर्वांत आवडणारी गोष्ट इथेच आहे.

दुर्बिणीवर ८×४२ असं काही लिहिलेलं असतं. आठ म्हणजे पटी आणि बेचाळीस म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. दुर्बीण हात लांब करून उजळ आकाशाकडे धरा (सूर्याकडे मुळीच नको) आणि नेत्रिकेकडे, म्हणजे डोळा लावायच्या भिंगाकडे, थोडं दुरून पाहा. तिथे एक छोटी, गोल, प्रकाशाची चकती तरंगताना दिसेल. पुढच्या भिंगाने गोळा केलेला सगळा प्रकाश या चकतीतूनच बाहेर पडतो. तिचा व्यास म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास भागिले पटी. ८×४२ ची चकती सव्वापाच मिलिमीटरची, तर १०×२५ ची फक्त अडीच मिलिमीटरची.

दिवसाउजेडी आपल्या डोळ्याची बाहुली आकसून दोन-तीन मिलिमीटरवर येते. त्यामुळे १०×२५ मधून पाहताना सगळी बाहुली प्रकाशाने भरते आणि दृश्य लख्ख दिसतं. दुकानात डोळा लावून माणूस खूश होतो. बहुतेक फोनच्या भिंगाची ‘बाहुली’ मात्र आकसत नाही. आजच्या चांगल्या फोनच्या मुख्य कॅमेऱ्यात ती साडेतीन ते चार मिलिमीटरची असते. तिच्यात अडीच मिलिमीटरची चकती शिरली की क्षेत्रफळाच्या हिशेबाने तिचा जेमतेम निम्मा किंवा त्याहूनही कमी भाग प्रकाशाने भरतो. उरलेला रिकामा राहतो. फोन ही तूट दोन प्रकारे भरून काढतो. तो प्रत्येक चौकटीला जास्त वेळ उजेड घेतो, मग हलणारं डोकं पुसट होतं. किंवा तो संवेदकाचा संदेश वाढवतो, मग चित्रात रवाळ दाणे उठतात. ते दाणे घालवण्यासाठी फोन सगळं गुळगुळीत करतो आणि पिसांची बारीक नक्षीही दाण्यांबरोबर धुऊन निघते. कष्टाने मिळवलेले तीनशे ठिपके असे वाया जातात. डोळ्याला उत्तम वाटणारी दुर्बीण फोनला अंधारी का वाटते, याचं उत्तर इतकं सरळ आहे.

चकती फोनच्या बाहुलीपेक्षा मोठी असण्याचा दुसराही फायदा आहे. सव्वापाचच्या चकतीत पावणेचारची बाहुली बसवली की प्रत्येक बाजूला पाऊण मिलिमीटर जागा सुटते. फोन किंचित सरकला तरी चित्र टिकतं. चकती बाहुलीएवढीच असेल तर अशी सूट नसते, केसभर सरकलं की उजेड उतरू लागतो. एक बाजू काळी पडली तर फोन आडवा सरकला आहे असं समजावं. सगळीकडून सारखी काळी कड येत असेल तर बहुधा नेत्रिका आणि फोन यांमधलं अंतर चुकलं आहे, तेव्हा नेत्रिकेभोवतीचं रबरी कडं फिरवून पाहावं. तरीही चारही कोपरे काळे राहतीलच, कारण दुर्बिणीचं दृश्य फोनच्या दृश्यापेक्षा अरुंद असतं. दीड ते पावणेदोन पट झूम करून ते कापून टाकावेत.

हे झूम करताना एक गंमत होते. दोन-तीन कॅमेरे असलेला फोन मध्येच ‘आता हा कॅमेरा बरा’ असं ठरवून शेजारच्या कॅमेऱ्यावर उडी मारतो. दुर्बीण तर पहिल्यावरच असते, त्यामुळे पडदा काळा होतो किंवा बाहेरचं झाड दिसू लागतं. कोणता कॅमेरा चालू आहे हे ओळखायला दुर्बीण काढून एकेका भिंगावर बोट ठेवावं. ज्यावर बोट ठेवल्यावर पडदा झाकला जातो तोच चालू. बऱ्याच फोनमध्ये किंवा वेगळ्या व्हिडिओ ॲपमध्ये कॅमेरा पक्का करून ठेवायची सोय असते.

याच चकतीने खोटेपणाही पकडता येतो. ‘४०×६०’ असं छापलेल्या स्वस्त एकनळ्या बाजारात रग्गड आहेत. आकडे खरे असतील तर चकती दीड मिलिमीटरची हवी. पट्टी लावून पाहा. सहा मिलिमीटर भरली तर साठ भागिले सहा, म्हणजे दुर्बीण दहापटच आहे! खरी चाळीसपट असती तर त्याहून वाईट झालं असतं, फोनच्या बाहुलीचा जेमतेम सहावा भाग उजळला असता. काही नळ्यांच्या आत पुढच्या भिंगाचा प्रकाश अडवणारं कडं असतं, तेव्हा या मोजणीने पटी जास्त निघू शकते. शंका आली तर वीसेक मीटरवरची एक खिडकी झूम न बदलता दुर्बिणीशिवाय आणि दुर्बिणीतून टिपा आणि दोन्ही चित्रांत तिची रुंदी मोजा. त्या दोन रुंदींचं गुणोत्तर म्हणजे खऱ्या पटी.

आता थरथर. फोनमध्ये ती घालवणारी यंत्रणा असते, मग ट्रायपॉड कशाला, असं विचारलं जातं. फोनमधला जायरोस्कोप फोन किती अंश वळला हे मोजतो आणि तेवढीच दुरुस्ती करतो. पुढे आठपट दुर्बीण आहे हे त्याला कसं कळणार? हात एक भाग हलला की चित्र आठ भाग हलतं, फोन एक भाग सावरतो आणि सात तसेच राहतात. म्हणून ट्रायपॉड हवाच. त्यावर फोन बसला की ही यंत्रणा बंद करावी, नाहीतर नसलेली थरथर सावरायला जाऊन ती कधीकधी स्थिर चित्रच वाहवत नेते. चित्रण सुरू करायला पडद्याला हात न लावता ब्लूटूथचं बटण वापरावं.

ट्रायपॉड पक्का असूनही चित्र हलत असेल तर फांदीच्या कडेकडे पाहा. सगळं चित्र एकदम हलत असेल तर दोष बैठकीचा. कडेचे वेगवेगळे भाग वेगवेगळे वळवळत असतील तर ती तापलेली हवा आहे. कमी-जास्त गरम थरांतून येताना प्रकाश वाकत राहतो. जमिनीलगत आणि उन्हात हे सर्वांत जास्त होतं. यावर कोणतंही भिंग चालत नाही, उलट पटी वाढवल्या की वळवळही वाढते. सकाळी लवकर यावं किंवा अंतर कमी करावं.

अंतर निम्मं केलं तर ठिपके दुप्पट होतात. उजेड घटत नाही, हवेचा थर निम्मा होतो आणि पैसा लागत नाही. अडचण अशी की पक्ष्याला ते मान्य नसतं. प्रत्येक प्राण्याची पळून जाण्याआधीची एक सावध होण्याची हद्द असते. तिथे तो खाणं थांबवतो, मान उंच करतो, खार शेपटी झटकू लागते. साधारणपणे मोठे पक्षी लांबूनच उडतात, लहान जास्त जवळ येऊ देतात. खाणं थांबलेलं दिसलं की तिथेच थांबावं. पुन्हा खायला लागला तरच पुढे, तेही सरळ त्याच्याकडे चालत न जाता. खाणं सुरूच झालं नाही तर दोन पावलं मागे यावं. घरट्यापाशी मात्र हा प्रयोग नको. तुमच्यामुळे पक्षी अंडी सोडून बसला तर ती थंड पडतात.

त्याहून सोपं म्हणजे आपण न जाता त्याला येऊ देणं. वेडा राघू काटकीवरून झेपावतो, उडता किडा पकडतो आणि बहुतेकदा त्याच काटकीवर परततो. मधमाशी असेल तर ती फांदीवर आपटून, घासून नांगी निकामी करतो. खंड्याच्याही बसायच्या जागा ठरलेल्या असतात. जिच्याखाली विष्ठेचे पांढरे ओघळ साचलेले आहेत ती काटकी निवडा. पक्षी नसताना दुर्बिणीचं चाक फिरवून काटकीची साल स्वच्छ दिसेपर्यंत फोकस लावा. फोनचा फोकस आणि उजेड पडद्यावर बोट दाबून कुलूपबंद करा, नाहीतर पक्षी आल्यावर फोन मागच्या झाडीवर फोकस नेईल. मग फोन तिथेच ठेवून ब्लूटूथ पोचेल तितकं मागे जा आणि बसा. पहिला अर्धा तास बहुधा काहीच घडत नाही.

माशी आपटण्याची क्रिया मंदगतीत हवीशी वाटते. सेकंदाला २४० चौकटी घेताना बरेच फोन फोर-के सोडून १९२० ठिपक्यांच्या रुंदीवर उतरतात, म्हणजे पक्ष्यावरचे ठिपके निम्मे होतात. शिवाय एका चौकटीला सेकंदाच्या २४०व्या भागापेक्षा जास्त वेळ मिळूच शकत नाही. त्यामुळे मंदगतीसाठी काटकी उघड्या उन्हातली निवडावी आणि ट्रायपॉड दहा मीटरऐवजी पाच मीटरवर रोवावा.