बिनपगारी रजेचा भागाकार: ३० की २६?

"बिनपगारी रजेचा एक दिवस म्हणजे पगार भागिले ३०. कंपनीने २६ ने भागलं तर ती जास्त पैसे कापतेय."

नुसत्या भाजकावरून असं ठरत नाही. दिवस कसे मोजले, हेही पाहावं लागतं.

समजा पगार ३९,०००, महिना ३० दिवसांचा, चार रविवार सुट्टी. ३० ने भागलं तर दिवसाचे १,३०० होतात, २६ ने भागलं तर १,५००. पहिल्या पद्धतीत रविवारही पगारी धरलेला असतो, दुसऱ्यात फक्त कामाचे दिवस. म्हणूनच महिनाभर गैरहजर राहिलं तर ३० गुणिले १,३०० आणि २६ गुणिले १,५००, दोन्हीकडे ३९,०००च कापले जातात.

आता गुरुवार ते मंगळवार रजा घ्या. कामाचे दिवस पाच, मधल्या रविवारासह सहा. २६ च्या पद्धतीत पाच दिवसांचे ७,५०० जातात. ३० च्या पद्धतीत रविवार धरला तर ७,८००, सोडला तर ६,५००. तो धरायचा की नाही, हे रजेच्या नियमात लिहिलेलं असतं. खरी गडबड म्हणजे २६ ने भागून रविवारही मोजणं: ९,०००! या हिशेबाने महिनाभराच्या रजेचे ४५,००० कापले जातील, पगारापेक्षाही जास्त.

पगारपत्रकावर कापलेल्या रकमेला बिनपगारी दिवसांनी भागा, मग आलेल्या आकड्याने पगाराला. भाजक समोर येईल. २६ च्या आसपास आला, तर मोजलेल्या दिवसांत रविवार शिरलाय का ते पाहा.