केव्हीए आणि किलोवॅट: ०.८ चा गुणक नेमका कशाचा?

“आमचा जनरेटर ६२.५ केव्हीएचा आहे. कपॅसिटर लावून पॉवर फॅक्टर १ केला, की पूर्ण ६२.५ किलोवॅट मिळतील ना?”

नाही, ५० किलोवॅटच मिळतील. पाटीवरील ०.८ पॉवर फॅक्टरने ६२.५ ला गुणले की ५० किलोवॅट येतात, आणि इंजिन साधारणपणे तेवढ्याच शक्तीच्या हिशेबाने जोडलेले असते. केव्हीएची मर्यादा अल्टरनेटरच्या वेटोळ्यांची, म्हणजे प्रवाहाने होणाऱ्या उष्णतेची असते. किलोवॅटची मर्यादा मात्र डिझेल जाळणाऱ्या इंजिनाची असते, आणि कपॅसिटरने इंजिनाची ताकद वाढत नाही.

४१५ व्होल्टच्या अशा थ्री-फेज जनरेटर संचाचा पूर्ण प्रवाह सुमारे ८७ अँपिअर असतो. पॉवर फॅक्टर १ असताना ५० किलोवॅटला जेमतेम ७० अँपिअर लागतात, त्यामुळे अँमीटर निर्धास्त दिसतो, पण भार आणखी वाढवल्यास इंजिन काळा धूर सोडते आणि वारंवारता ५० हर्ट्झखाली घसरते. उलट, अर्धवट भारावरील मोटरींमुळे पॉवर फॅक्टर ०.६ झाला, तर ३७.५ किलोवॅटवरच ८७ अँपिअर भरतात. इथे (आणि फक्त इथेच) कपॅसिटर उपयोगी पडतो.