पहिली भेट आणि ते ३६ प्रश्न

"ते ३६ प्रश्न पाठ करून जा, पहिल्याच भेटीत प्रेम जमतं म्हणतात. खरंय का?"

नाही. मानसशास्त्रज्ञ आर्थर ॲरन आणि सहकाऱ्यांनी १९९७ साली हे प्रश्न छापले ते अनोळखी माणसांत जवळीक कशी वाढते हे तपासायला. सुमारे ४५ मिनिटं, प्रश्न हलक्याकडून खोल जाणारे, आणि उत्तर दोघांनीही द्यायचं. प्रेमाची हमी त्यात नव्हती. २०१५ मध्ये एका अमेरिकी वृत्तपत्रातल्या लेखानंतर ही समजूत जगभर पसरली.

जळगावात मेहरूण तलावावर बसून "तू शेवटचं कधी रडलास?" असं पाठ केल्यासारखं विचारलं, तर समोरचा चपापणारच. यादीतून घ्यायचं ते एवढंच: आधी हलकं, मग खोल, आणि आपणही सांगायचं. तो म्हणाला, "आमची रावेरला केळीची बाग आहे." लगेच "आणि छंद काय?" नको. "यंदा वादळात झाडं आडवी झाली का?" विचारा. तो बागेवरून वडिलांवर येईल, मग तुम्ही तुमच्या घरचं सांगा. उत्तरं एकेका शब्दाची येऊ लागली, तर विषय सोडा.

निघायची वेळ आधीच सांगून ठेवा: "साडेसहाची भुसावळ गाडी आहे." मग निघताना सबब शोधावी लागत नाही. पुन्हा भेटायचं असेल तर तिथेच बोला: "पुढच्या रविवारी भरीत खायला जाऊ या?" नसेल तर "कळवते" म्हणून टांगून ठेवू नका. "भेटून बरं वाटलं, पण पुढे जावं असं मला वाटत नाही," एवढं पुरे. कारणं दिली की वाद सुरू होतो. समोरचा हट्टाला पेटेल असं वाटलं, तर हे घरी पोचल्यावर मेसेजने कळवलं तरी चालतं.